स्ट्रिप बरोबर दिसते, म्हणून गोळी बरोबर असेलच असं नाही

प्रति,
नागपूर जिल्ह्यातील सर्व औषध विक्रेते आणि सरकारी रुग्णालयांच्या औषध भांडारातील फार्मासिस्ट बंधू-भगिनी,

स.न.वि.वि.

महालात माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरमागे उभा राहून २६ वर्षं झाली. बनावट औषध कसं ओळखायचं, हे आपण एकमेकांना तोंडी सांगत आलो आहोत: छपाई बघा, स्पेलिंग बघा, बॅच बघा. ते सांगणं चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला माझ्याच दुकानातल्या एका मालानं शिकवलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

कोठी रोडवरच्या एक ताई सासऱ्यांसाठी सेफिक्झिम २०० घेऊन गेल्या होत्या. लघवीचा संसर्ग, दिवसातून दोन गोळ्या, दहा दिवस. एक स्ट्रिप माझ्याकडून नेली. दुसरी घ्यायला चौथ्या दिवशी निघाल्या, तेव्हा वाटेत मेडिकल चौकात होत्या म्हणून तिथल्या दुकानातून घेतली. संध्याकाळी दोन्ही स्ट्रिपा माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, कंपनी एकच, नंबरही एकच हाये, पण हा लाल चौकोन काही सारखा नाही दिसून राह्यला. आणि बाबांचा ताप चार दिवसांपासून उतरूनच नाही राह्यला."

सेफिक्झिम अनुसूची एच-१ मध्ये येतं. त्यामुळे लाल चौकटीत धोक्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. मी भिंग घेऊन बसलो. दुसऱ्या दुकानातल्या स्ट्रिपवर लाल रेघ अक्षरांपासून सुटी, स्वच्छ होती. माझ्या स्ट्रिपवर ती पहिल्या ओळीच्या अक्षरांवर चढली होती. फॉइल छापताना प्रत्येक रंगाचा रोलर वेगळा असतो, आणि रोलर एकमेकांशी नीट जुळवलेले नसले की रंग असा सरकतो. खऱ्या मालातही कधीमधी केसाइतका सरकतो, म्हणून एवढ्यावर मी काही बोललो नसतो. पण सूचनेतल्या 'प्रॅक्टिशनर' या इंग्रजी शब्दातला मधला 'टी' गायब होता. ही सूचना कायद्यानं ठरवून दिलेली आहे. कंपनीत फॉइलचा मजकूर छपाईला जाण्याआधी दोन-तीन विभागांच्या सह्या होतात आणि मग त्याच रोलरवर वर्षानुवर्षं लाखो स्ट्रिपा निघतात. एच-१च्या चौकटीतलं स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते या सगळ्या सह्यांतून सुटलेलं असणं फार अवघड आहे.

त्यानंतर मी बॅचची ओळ बघितली, आणि इथे जरा थांबून सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण इथेच घाई करतात.

नेहमीच्या पद्धतीत स्ट्रिपच्या मागच्या फॉइलवर दोन वेगळ्या छपाया असतात. औषधाचं नाव, घटक, पत्ता, परवाना क्रमांक, सूचना हा कायमचा मजकूर फॉइलच्या कारखान्यातूनच छापून येतो. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि किंमत हे गोळ्या भरताना पॅकिंग मशीनवर नंतर उमटवतात. म्हणून खऱ्या मालाच्या दहा स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवल्या, तर बॅचची ओळ कायमच्या मजकुराच्या तुलनेत एकीवर जरा वर, एकीवर जरा खाली, एखादीवर किंचित तिरकी दिसते. शाईही वेगळी असते, आणि काही कंपन्यांच्या स्ट्रिपवर आकडे नखाला लागतात. माझ्या डब्यातल्या दहाही स्ट्रिपांवर ती ओळ हुबेहूब त्याच जागी, त्याच शाईत, त्याच जाडीत होती. म्हणजे ज्यानं फॉइल छापलं त्यानं बॅचही तेव्हाच छापून घेतली होती. आता नव्या मशीनवर सगळाच मजकूर एकदम छापणाऱ्या कंपन्याही आहेत, म्हणून हेही एकटं पुरत नाही. त्याच कंपनीची, त्याच औषधाची जुनी स्ट्रिप शेजारी ठेवूनच हे बघायचं.

निकाल लावला तो मुदतीनं. दोन्हीवर उत्पादन ऑगस्ट २०२३. दुसऱ्या दुकानातल्या स्ट्रिपवर मुदत जुलै २०२५, माझ्या स्ट्रिपवर ऑगस्ट २०२५. एका बॅचला एकच उत्पादन तारीख आणि एकच मुदत असते. एका महिन्याचा का होईना, फरक पडला म्हणजे दोनपैकी एक त्या बॅचची नाहीच.

या ठिकाणी एक सापळा आहे. त्या संध्याकाळी मी आधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून फक्त बॅच नंबर विचारला होता. उत्तर आलं, "हो, ही बॅच आमचीच." खरंच होती! बनावट करणारा मनानं आकडे रचत नाही. बाजारात भरपूर फिरणाऱ्या खऱ्या बॅचचा नंबर तो उचलतो, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर 'हो' यावं. म्हणून कंपनीला विचारताना बॅच, उत्पादन तारीख, मुदत, किंमत आणि दोन्ही बाजूंचे फोटो, असं सगळं एकत्र ईमेलनं गुणवत्ता विभागाला पाठवायचं. तसं पाठवल्यावर चार दिवसांनी लेखी आलं, की या बॅचला ऑगस्टची मुदत आम्ही कधीच दिलेली नाही.

क्यूआर कोडचंही असंच. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा झाला. पण त्यात बॅचची माहिती असते, त्या एका स्ट्रिपची नाही. खऱ्या स्ट्रिपवरचा कोड फोटो काढून हजार खोट्या स्ट्रिपांवर छापला, तरी प्रत्येक वेळी मोबाइलवर तीच खरी माहिती येईल. कोड उघडलाच नाही किंवा त्यातली मुदत छापील मुदतीशी जुळली नाही, तर संशय घ्या. कोड उघडला म्हणून निश्चिंत होऊ नका.

तर बनावट माल मला डोळ्यानंच पकडून दिला. मग प्रयोगशाळा कशाला?

ताईंनी सासऱ्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "त्या गोळीत होतं काय?" युरिन कल्चरच्या अहवालात जंतू सेफिक्झिमला दाद देणारा दिसत होता, तरी ताप उतरत नव्हता, आणि त्यांना त्याचा मेळ लागत नव्हता. गोळीत काहीच नव्हतं, तर चार दिवस उपचारच झाला नाही. थोडं औषध होतं, तर जंतू मेले नाहीत, उलट अपुऱ्या मात्रेला सरावण्याची संधी त्यांना मिळाली. दुसरंच काही होतं, तर त्याचा सत्तर वर्षांच्या माणसाच्या किडनीवर काय परिणाम झाला ते बघायचं. आग्नेय आशियात सापडलेल्या मलेरियाच्या बनावट आर्टेसुनेटमध्ये पॅरासिटामॉल मिळालं होतं. ताप उतरायचा, रोगी खूश व्हायचा, आणि मलेरिया आत तसाच राहायचा. या तिन्ही शक्यतांत स्ट्रिप बाहेरून सारखीच दिसते. डॉक्टरांनी सासऱ्यांना इंजेक्शनवर घेतलं, ते बरे झाले. पण प्रश्नाचं उत्तर आलं ते सरकारी विश्लेषकाच्या अहवालातून: सेफिक्झिम आहे, लेबलवर लिहिलंय त्याच्या ३८ टक्के.

हा आकडा कसा निघतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे घरी किंवा दुकानात तो का काढता येत नाही हे कळेल. आधी ओळख पटवतात, म्हणजे गोळीतला पदार्थ खरोखर तोच आहे का, हे शुद्ध संदर्भ नमुन्याशी ताडून बघतात. मग वीस गोळ्यांचं वजन करून त्यांची पूड करतात, मोजून घेतलेली पूड विरघळवतात आणि एचपीएलसी यंत्रातून सोडून मूळ औषध किती आहे ते मोजतात. बऱ्याच गोळ्यांसाठी फार्माकोपियाची मर्यादा लेबलच्या ९० ते ११० टक्के अशी असते. त्याशिवाय सहा गोळ्या ३७ अंशांवरच्या द्रवात, ठरावीक वेगानं फिरवून, ठरावीक वेळात किती औषध बाहेर पडतं ते बघतात. गोळीत पूर्ण ५०० मिलिग्रॅम आहे, पण ती पोटात दगडासारखी राहते, असंही होतं. ती नापास होते, आणि तिची स्ट्रिप तर अस्सल कंपनीची, अस्सल छपाईची असते. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पत्र्याच्या गोदामात पडलेला खरा मालही असाच खराब होऊ शकतो. त्याची छपाई काय सांगणार?

घरच्या चाचण्यांबद्दल लोक मला रोज विचारतात. आयोडीनचा थेंब टाकला आणि निळं झालं म्हणजे बनावट, असं कुणी तरी पसरवलंय. आयोडीन स्टार्चमुळे निळं होतं, आणि कितीतरी खऱ्या गोळ्यांत गोळी बांधायला आणि पोटात फुटायला स्टार्च घातलेलाच असतो. व्हिनेगरमध्ये फसफसली म्हणजे खडू, असंही म्हणतात. काही खऱ्या गोळ्यांतही कॅल्शियम कार्बोनेट असतं. आणि टाल्क, म्हणजे आपली टाल्कम पावडर, व्हिनेगरमध्ये मुळीच फसफसत नाही. पाण्यात लवकर विरघळली म्हणजे चांगली, हे तर अगदीच नाही. नुसत्या स्टार्चची गोळी सगळ्यात छान विरघळेल. कृपा करून या चाचण्या काउंटरवर कुणाला करून दाखवू नका.

टाल्कचा उल्लेख मी उगाच केला नाही. आपल्याच जिल्ह्यातलं कळमेश्वर आठवा. तिथल्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये औषध निरीक्षकांनी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला, आणि प्रयोगशाळेनं सांगितलं की यात औषध नाहीच. पुढे तपासात समोर आलं, की लेबलवरची कंपनीच अस्तित्वात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. त्यानुसार या गोळ्या हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून बनवलेल्या होत्या.

आता माझं भिंग तिथे काय करणार होतं? माझ्याकडे शेजारी ठेवायला खरी स्ट्रिप होती. कंपनीच खोटी असेल, तर खरी स्ट्रिप जगात कुठेच नाही. फॉइलवर जे छापलंय तोच मूळ नमुना. रंग सरकला तर 'या कंपनीची छपाईच अशी आहे' म्हणायचं. बॅच नंबर पडताळायला फोन कुणाला लावायचा? स्पेलिंग तर शब्द तपासून छापलं की बरोबरच येतं. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याच्या कलम १७-ब मध्ये अशा औषधालाही बनावट म्हटलंय, जिथे उत्पादक म्हणून लिहिलेलं नाव काल्पनिक आहे. पण कलम लागू होतं पकडल्यानंतर. पकडलं ते प्रयोगशाळेनं, कुणाच्या डोळ्यानं नाही.

म्हणून भांडारातल्या सहकाऱ्यांना माझी पहिली विनंती. अनोळखी उत्पादकाचा माल आला की लेबलवरचा परवाना क्रमांक त्या राज्याच्या औषध नियंत्रकांकडे लेखी पडताळून घ्या. पत्ता आणि पिनकोड जुळतो का, एवढंही बघितलं तरी चालेल: हिमाचलचा पत्ता असेल तर पिन १७ नं सुरू होतो, २४ नं नाही. पुरवठादारानं सोबत जोडलेला चाचणी अहवाल हाही एक छापील कागदच आहे. त्यावर ज्या प्रयोगशाळेचं नाव आहे तिला आपण स्वतः ईमेल करून अहवाल क्रमांक विचारायचा, पुरवठादाराच्या माणसाकडून नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना तपासणीला गेला की त्या बॅचचं वाटप अहवाल येईपर्यंत थांबवा. नमुना तिकडे आणि गोळ्या इकडे ओपीडीच्या खिडकीतून पोटात, असं झालं तर अहवाल फक्त किती जणांनी खाल्ल्या ते मोजायच्या कामाचा उरतो.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की थांबवलं तर रुग्णाला द्यायचं काय? अडचण खरी आहे. त्यासाठीच मोठ्या भांडारांनी थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचा संच मागून घ्यावा. हे सामान एक-दोन मोठ्या सुटकेसमध्ये मावतं. गोळीची पूड द्रावणात घेऊन लेप लावलेल्या पट्टीवर थेंब ठेवायचा, शेजारी खात्रीच्या औषधाचा थेंब. द्रावक वर चढला की दोन्ही ठिपके एकाच उंचीला, सारख्याच ठळकपणे दिसायला हवेत. कळमेश्वरच्या गोळीनं तिथे ठिपकाच उमटवला नसता, आणि ते त्याच दिवशी कळलं असतं. ९० टक्के आहे की ८५, हे त्यातून कळणार नाही, आणि कोर्टात ते चालणारही नाही. पण टाल्क नक्की पकडलं जाईल.

दुकानदार बांधवांना माझी विनंती वेगळी आहे. माझा तो माल आला कसा, ते सांगतो. ओळखीच्या ठोक विक्रेत्याकडे ते औषध संपलेलं होतं. दुसऱ्या एकानं नेहमीपेक्षा १५ टक्के जास्त सूट देऊ केली आणि मी दोन डबे घेतले. बिल घेतलं होतं, पण बिलावरचा बॅच नंबर डब्याशी ताडून बघितला नव्हता. नंतर बघितला, तर बिलावर बॅच दुसरीच होती. तोच फरक माल उतरवताना दोन मिनिटांत दिसला असता, आणि त्या आजोबांचे चार दिवस वाचले असते. याची मला आजही बोच आहे.

फरक कळल्यावर मनात पहिला विचार आला तो माल परत करायचा. आपण सगळे हेच करतो: खराब दिसलं, परत पाठवलं, क्रेडिट नोट घेतली, विषय संपला. पण तो माल संपत नाही. तोच डबा पुढच्या आठवड्यात उमरेडच्या किंवा काटोलच्या दुकानात उतरतो, आणि पुरावा आपल्या हातानं गेलेला असतो. त्याऐवजी डबे वेगळे काढा, वर 'विक्रीसाठी नाही' असं तारखेसह लिहा, बिलाची प्रत जोडा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५. निरीक्षक येऊन रीतसर नमुना घेतात, त्याचे सीलबंद भाग करतात आणि एक भाग दुकानदाराकडेच ठेवतात. आपल्यावरच बालंट येईल ही भीती मलाही होती. कलम १९ वाचून घ्या: परवानाधारकाकडून बिलानं घेतलेला, नीट साठवलेला माल असेल आणि वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला बचाव आहे. परत पाठवून गप्प बसणाऱ्याला मात्र 'मला कळलंच नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. या प्रकारानंतर मी इतका धास्तावलो, की एका रक्तदाबाच्या गोळीच्या स्ट्रिपवर बॅच पुसट दिसली म्हणून दोन गिऱ्हाइकांना ती थांबवायला सांगितली. कंपनीनं कळवलं, माल आमचाच, पॅकिंगच्या वेळी छपाई फिकी उमटली. त्या दोघांनी तीन दिवस गोळी घेतली नव्हती. एकाचा रक्तदाब चांगलाच चढला होता. संशय आला तर ती स्ट्रिप थांबवायची, औषध नाही. दुसऱ्या बॅचची, दुसऱ्या कंपनीची तीच गोळी लगेच हातात द्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं.

आणि गिऱ्हाइकांना एक सांगत चला. कलम २६ प्रमाणे कोणीही सामान्य माणूस ठरावीक शुल्क भरून, विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पण मोजणीलाच वीस गोळ्या लागतात, म्हणून तीन गोळ्या उरलेली स्ट्रिप नेऊन भागत नाही. ताई आल्या तेव्हा त्यांच्या स्ट्रिपमध्ये दोनच गोळ्या होत्या. अहवाल निघाला तो माझ्या डब्यातल्या न उघडलेल्या स्ट्रिपांमुळे. त्या दिवशी डबे परत पाठवून मोकळा झालो असतो, तर ३८ हा आकडा कुणालाच कळला नसता.

आपला,
महालातील एक औषध विक्रेता, नागपूर